बिल्ल्यांच्या जोरावर अभ्यास किती दिवस?

विद्यापीठातील शिक्षणाचा बराच भाग आता संगणकाच्या आणि मोबाइलच्या पडद्यावर होऊ लागला आहे. व्याख्यान पडद्यावर ऐकावयाचे, प्रश्नांची उत्तरे पडद्यावर द्यावयाची आणि शंका आली तर तीही तेथेच लिहून विचारावयाची. या शिक्षणपद्धतीत एक अडचण पहिल्यापासून जाणवत आली आहे. वर्गात बसलेला विद्यार्थी कंटाळला तरी तास संपेपर्यंत जागेवर असतो. समोर शिक्षक असतात, शेजारी मित्र असतो. उठून जाणे बरे दिसत नाही. पडद्यापुढे एकटा बसलेला विद्यार्थी मात्र कंटाळला की बोटाच्या एका स्पर्शाने निघून जातो, आणि तो गेला हे कोणाला कळतही नाही. त्याला धरून कसे ठेवावे, हा या शिक्षणातील एक मोठा प्रश्न होऊन बसला आहे.

त्यावर जे उपाय योजले गेले त्यांपैकी एकाविषयी येथे विचार करावयाचा आहे. इंग्रजीत त्याला 'गेमिफिकेशन' म्हणतात. आपण त्याला 'खेळीकरण' म्हणू. २०११ साली डेटर्डिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याची जी व्याख्या केली ती थोडक्यात अशी आहे: जेथे खेळ नाही तेथे खेळाच्या रचनेतील घटक वापरणे. अभ्यासात हे घटक मुख्यतः तीन रूपांनी येतात. उत्तर दिले की पॉइंट मिळतात. ठरावीक काम पुरे केले की बिल्ला मिळतो. तो पडद्यावर विद्यार्थ्याच्या नावापुढे झळकतो. आणि सर्वांचे पॉइंट उतरत्या क्रमाने मांडलेला एक फलक असतो, त्यावर कोण पुढे आणि कोण मागे हे सर्वांना दिसते.

येथे एक भेद ध्यानात ठेवला पाहिजे. बुद्धिबळात गोडी असते ती पुढची चाल शोधण्यात; तेथे कोणी पॉइंट दिले नाहीत तरी माणूस रात्र जागवील. खेळीकरणात अभ्यास असतो तसाच राहतो. त्याच्याभोवती खेळातील मोजमाप तेवढे उभे केले जाते. तेव्हा हे मोजमाप विद्यार्थ्याला एका सत्राचे चौदा-सोळा आठवडे अभ्यासाशी बांधून ठेवू शकेल काय, असा आपल्यापुढील प्रश्न आहे. सुदैवाने या प्रश्नावर नुसता तर्क करीत बसण्याची वेळ राहिलेली नाही. विद्यापीठांतून त्याचे प्रत्यक्ष प्रयोग झाले आहेत.

प्रथम या उपायाच्या बाजूचा पुरावा पाहू. न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठात 'पीअरवाइज' नावाची एक व्यवस्था वापरतात. तीत विद्यार्थी स्वतः अभ्यासक्रमावर पर्यायी उत्तरांचे प्रश्न तयार करतात आणि इतरांनी तयार केलेले प्रश्न सोडवतात. तेथील पॉल डेनी यांनी एक हजाराहून अधिक विद्यार्थ्यांच्या एका वर्गाचे चिठ्ठ्या टाकाव्या तसे दोन भाग केले. एका भागाला पडद्यावर बिल्ले दिसत, दुसऱ्याला दिसत नसत. बाकी सर्व तेच. २०१३ साली त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले. बिल्ले दिसणाऱ्या विद्यार्थ्यांनी अधिक प्रश्न सोडवले, आणि अधिक दिवस ते या व्यवस्थेकडे वळले. संख्या वाढली म्हणून कामाचा दर्जा उतरला, असेही झाले नाही. म्हणजे 'हे सगळे पोरखेळ आहेत' असे म्हणून हा उपाय झिडकारून टाकता येणार नाही.

परंतु याच प्रयोगात आणखी एक गोष्ट दिसली. सोडवलेल्या प्रश्नांची संख्या वाढली, पण विद्यार्थ्यांनी नव्याने रचलेल्या प्रश्नांची संख्या बिल्ल्यांमुळे वाढली नाही. ही दोन कामे एका जातीची नाहीत. तयार प्रश्न सोडवावयाचा म्हणजे चार पर्यायांतून एक निवडावयाचा, मिनिटभराचे काम. प्रश्न रचावयाचा म्हणजे विषय नीट समजला पाहिजे, विद्यार्थी कोठे चुकतील हे ओळखता आले पाहिजे, आणि चुकीचे पर्यायही बरोबर वाटतील असे बेतले पाहिजेत. त्याला बैठक लागते. आम्हांला असे दिसते की, माणूस जे काम थोड्या ओढीने करील तेथे बिल्ला ती थोडी ओढ पुरवतो; जेथे पुष्कळ ओढ लागते तेथे त्याचे बळ अपुरे पडते. दुर्दैवाने विद्यापीठीय शिक्षणाचा गाभा दुसऱ्या प्रकारच्या कामात असतो.

आता बिल्ला मिळाल्यानंतर काय होते ते पाहू. याचे चित्र एका वेगळ्या ठिकाणच्या नोंदींवरून स्पष्ट झाले आहे. 'स्टॅक ओव्हरफ्लो' या संकेतस्थळावर जगभरचे संगणक-प्रोग्रॅमर एकमेकांचे प्रश्न सोडवतात, आणि तेथे निरनिराळ्या कामांसाठी बिल्ले ठेवलेले आहेत; इतरांच्या लिखाणाला ठरावीक संख्येने मते दिली की मिळणारा बिल्ला हा त्यांतलाच एक. कॉर्नेल आणि स्टॅनफर्ड येथील संशोधकांनी २०१३ साली या नोंदी तपासल्या. बिल्ला दूर असताना माणसाचा वेग नेहमीचा असतो. तो जवळ येऊ लागला की ते विशिष्ट काम वाढत जाते. बिल्ला हाती पडला की पुढच्या काही दिवसांतच ते काम एकदम खाली येते. डोंगराची चढण हळूहळू वाढत जावी आणि माथ्यापलीकडे सरळ कडा असावा, तशी ती रेषा दिसते. बिल्ल्याने सवय लावली असती तर माथ्यापलीकडे पठार दिसले असते.

यावर कोणी म्हणेल, मग एकामागून एक बिल्ले ठेवावेत, म्हणजे कडा येणारच नाही. हा विचार व्यवहारात पुष्कळांनी केला आहे. परंतु येथे नवलाईचा प्रश्न उभा राहतो. ब्राझीलमधील संशोधकांनी २०२२ साली यासंबंधी एक महत्त्वाचा अभ्यास प्रसिद्ध केला. संगणक-प्रोग्रॅमिंगचे प्राथमिक शिक्षण घेणारे ७५६ पदवीपूर्व विद्यार्थी आणि १४ आठवडे, असा त्याचा आवाका होता. विद्यार्थी आपला प्रोग्रॅम तपासून पाहण्याचे प्रयत्न किती वेळा करतो, लिहिण्याच्या साधनात किती काम करतो, व्यवस्थेत किती वेळा येतो, अशा गोष्टी आठवड्यांच्या क्रमाने मोजल्या गेल्या आणि खेळीकरण असलेल्या व नसलेल्या वर्गांची तुलना केली गेली. आरंभी खेळीकरणाचा फायदा दिसला. सुमारे चार आठवड्यांनंतर तो उतरू लागला. हा उतार दोनपासून सहा आठवड्यांपर्यंत चालू राहिला. त्यानंतर मात्र, सहाव्या ते दहाव्या आठवड्यांच्या सुमारास, तो फायदा पुन्हा थोडा वर येऊ लागला. विद्यार्थ्यांना त्या व्यवस्थेचा सराव झाल्यामुळे असे झाले असावे, असे संशोधकांचे म्हणणे आहे.

या अभ्यासातून दोन धडे मिळतात. पहिला असा की, दोन किंवा तीन आठवड्यांचा प्रयोग करून 'विद्यार्थी रमले' असे सांगणाऱ्यांवर भरवसा ठेवू नये. त्यांनी नवलाईच मोजली असण्याचा संभव आहे. दुसरा असा की, उतार सुरू झाला म्हणून पाचव्या आठवड्यात सगळे मोडून टाकणेही शहाणपणाचे नाही. उताराचा काळ विद्यार्थी कशाच्या आधाराने ओलांडतात, हेच खरे पाहण्याजोगे आहे. आणि सत्रातला हा मधला काळच नेमका कठीण असतो. पहिल्या आठवड्यांची सोपी प्रकरणे संपलेली असतात, इतर विषयांच्या चाचण्या जवळ येतात, आणि विद्यार्थ्यांची गळती वाढू शकते. म्हणजे गरज वाढते तेव्हाच साधन दुबळे होते.

क्रमफलकाच्या बाबतीत या मधल्या काळात आणखी एक गोष्ट घडते, आणि ती समजण्यास प्रयोगाची गरज नाही. अंकगणित पुरेसे आहे. एक कल्पित उदाहरण घेऊ. अभ्यासक्रम १४ आठवड्यांचा आहे आणि दर आठवड्याला जास्तीत जास्त १०० पॉइंट मिळू शकतात. पहिल्या क्रमांकावरचा विद्यार्थी दर आठवड्याला ९० मिळवतो. एका विद्यार्थिनीच्या घरी आजारपण निघाले. तिचे दोन आठवडे बुडाले आणि उरलेल्या चार आठवड्यांत तिने प्रत्येकी ६० मिळवले. सहाव्या आठवड्याच्या अखेरीस त्याचे ५४० झाले, तिचे २४०. आता तिने निर्धार केला आणि पुढील आठही आठवडे १०० पैकी १०० मिळवले, तरी तिची बेरीज १०४० होते. तो पूर्वीच्याच गतीने गेला तर १२६० वर पोहोचतो. एवढेच नव्हे, त्याने हात आखडता घेऊन सरासरी ६३ वर आणली तरी तो तिच्या पुढेच राहतो. सत्राचे आठ आठवडे बाकी आहेत, पण फलकाच्या दृष्टीने तिची शर्यत संपलेली आहे. ती हे गणित मांडून पाहील किंवा न पाहील, फलक पाहून तिला ते उमगल्यावाचून राहत नाही. मग ती फलक उघडण्याचे सोडते, आणि फलक ज्या पानावर आहे ते पानही. ज्या साधनाने मागे पडलेल्याला पुढे खेचावयाचे, तेच त्याला बाहेर लोटते. पहिल्या पाच-दहांना मात्र फलक उत्साह देत राहतो. पण बहुधा ते फलकावाचूनही अभ्यास करणारे असतात.

येथपर्यंत आपण वर्तन पाहिले. आता मनाकडे वळू, कारण सर्वांत खोल धोका तेथे आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी केलेला एक प्रयोग १९७३ साली प्रसिद्ध झाला. तीन ते पाच वर्षांची ५१ मुले त्यात होती, आणि रंगीत पेनांनी चित्रे काढणे त्यांना मुळातच आवडत होते. काही मुलांना आधीच सांगितले की, चित्र काढलेत तर सोनेरी मोहर आणि फीत लावलेले प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना चित्र काढून झाल्यावर ते अचानक दिले. काहींना काहीच दिले नाही. एक-दोन आठवड्यांनी ती पेने पुन्हा मुलांसमोर ठेवली. या वेळी बक्षीस नव्हते. ज्यांना आधी कबूल करून बक्षीस दिले होते ती मुले इतरांच्या मानाने जवळजवळ निम्माच वेळ चित्रे काढीत बसली. ध्यानात घ्या की, अचानक बक्षीस मिळालेल्यांच्या बाबतीत असे झाले नाही. बक्षिसाने बिघाड झाला नव्हता; बक्षिसासाठीच आपण हे करतो, असे मनाने ठरवल्याने तो झाला होता.

विद्यापीठातील तरुण म्हणजे बालवाडीतील मूल नव्हे, हा आक्षेप रास्त आहे. म्हणून ओहायो स्टेट विद्यापीठातील हॅनस आणि फॉक्स यांचा २०१५ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास येथे सांगितला पाहिजे. तो पडद्यावरच्या नव्हे तर समोरासमोरच्या वर्गाचा आहे, पण साधने तीच होती. एकच अभ्यासक्रम दोन वर्गांना शिकवला. एका वर्गात बिल्ले आणि क्रमफलक होते, दुसऱ्यात नव्हते. सोळा आठवड्यांच्या सत्रात चार वेळा विद्यार्थ्यांची मोजणी केली. बिल्ल्यांच्या वर्गातील विद्यार्थ्यांची आतून येणारी प्रेरणा आणि समाधान काळाबरोबर दुसऱ्या वर्गाच्या मानाने कमी होत गेले. आणि या कमी झालेल्या प्रेरणेच्या वाटेने त्यांच्या अंतिम परीक्षेच्या गुणांवरही परिणाम झाला. एका अभ्यासावरून नियम सिद्ध होत नाही. ऑकलंडला बिल्ल्यांनी लाभ झाला, ओहायोला हानी झाली, हे दोन्ही खरे आहे. पुष्कळ अभ्यास एकत्र करून सायलर आणि होमनर यांनी २०२० साली जे गणित मांडले, त्यातही सरासरी लाभ लहानच निघाला. आणि अधिक काटेकोर पद्धतीने केलेल्या अभ्यासांपुरते पाहिले तर प्रेरणा आणि वर्तन यांवरचा परिणाम स्थिर राहिला नाही.

मग आपल्या विद्यार्थ्यांच्या बाबतीत काय चालले आहे, हे शिक्षकाने कसे ओळखावे? पडद्यावरच्या शिक्षणात प्रत्येक स्पर्शाची नोंद राहते, म्हणून हे ओळखता येते. फक्त योग्य ठिकाणी पाहिले पाहिजे. समजा, संख्याशास्त्राच्या अभ्यासक्रमात दर आठवड्याला दहा प्रश्नांची चाचणी आहे. ती कितीही वेळा देता येते, सर्वांत चांगली बेरीज धरली जाते, आणि दहापैकी दहा झाले की बिल्ला मिळतो. सत्राच्या मध्यावर शिक्षकाला दिसते की चाचण्यांची संख्या दुप्पट झाली आहे. वरवर पाहता ही आनंदाची गोष्ट आहे. पण एका चाचणीला लागणारा वेळ पाहिला तर तो बारा मिनिटांवरून दीड मिनिटावर आलेला असतो. दहा प्रश्न दीड मिनिटात वाचूनही होत नाहीत, सोडवणे दूरच. याचा अर्थ विद्यार्थी पर्याय दाबून पाहतो आहे. चुकले की पुन्हा, आणि चौथ्या-पाचव्या खेपेला दहापैकी दहा. बिल्ला त्याने नियमाप्रमाणे मिळवला, लबाडी केली असे म्हणता येत नाही. नियमानेच त्याला ही वाट दाखवली.

अशा वेळी पॉइंट ज्याला नाहीत त्या कामाकडे पाहावे. वाचनासाठी दिलेला लेख किती जणांनी उघडला आणि किती वेळ उघडा ठेवला? व्याख्यान मागे नेऊन एखादा कठीण भाग पुन्हा कोणी ऐकला काय? चाचणीत चुकलेल्या प्रश्नाचे स्पष्टीकरण बिल्ला मिळाल्यानंतर कोणी वाचले काय? यांचे आकडे चाचण्यांबरोबर वाढत असतील तर विद्यार्थी खरोखरच अभ्यासाकडे वळला आहे. ते स्थिर असतील तर खेळीकरणाने फक्त स्वतःपुरते काम वाढवले आहे. आणि ते घटत असतील तर मोजलेल्या कामाने न मोजलेल्या कामाचा वेळ खाल्ला आहे. तेव्हा नियम बदलण्याची वेळ आली असे समजावे. आणखी एक कसोटी सोपी आहे. मध्येच एक आठवडा पॉइंट बंद ठेवावेत आणि त्या आठवड्यात किती विद्यार्थी येतात ते पाहावे.

नियम बदलावयाचे ते कसे, याची एक चांगली दिशा आपल्याच देशात आहे. महाराष्ट्रातील अभियांत्रिकीचे अनेक विद्यार्थी 'एनपीटीईएल'चे अभ्यासक्रम पडद्यावर करतात. त्यांतील बारा आठवड्यांच्या अभ्यासक्रमात गृहपाठ बारा असतात, पण सर्वांत चांगले आठ तेवढे धरले जातात. या गृहपाठांना एकूण १०० पैकी २५ गुण, आणि केंद्रावर जाऊन देखरेखीखाली द्यावयाच्या परीक्षेला ७५. वर ज्या विद्यार्थिनीचे दोन आठवडे आजारपणात गेले, तिची शर्यत या हिशेबात संपत नाही. दोन काय, चार आठवडे गेले तरी ती मागे राहत नाही. शिवाय गृहपाठाची उत्तरे कोणी मित्राकडून घेतली तरी पाऊण भाग गुण अशा ठिकाणी आहेत की जेथे समजले असेल तेवढेच लिहिता येईल. येथे बिल्ल्यांची आरास नाही. पण उशिरा सावरणाऱ्याला दार उघडे आहे, आणि विद्यार्थ्याला टिकवण्यात या गोष्टीचे मोल क्रमफलकाहून अधिक आहे.

यास्तव आम्हांला असे वाटते की, बिल्ले आणि पॉइंट यांना त्यांच्या जागी ठेवावे. शब्द, सूत्रे, व्याख्या, लहान आकडेमोड, अशा ज्या गोष्टी वारंवार केल्यानेच अंगवळणी पडतात तेथे ते चालतील; पहिले काही आठवडे विद्यार्थ्याला व्यवस्थेची ओळख होईपर्यंत चालतील. फलक ठेवावयाचाच असेल तर त्यावर विद्यार्थ्याची तुलना त्याच्याच मागील आठवड्याशी करावी. परंतु निबंध, प्रकल्प, स्वतः रचलेला प्रश्न, कठीण सिद्धता, यांच्यासमोर बिल्ला ठेवू नये. तेथे विद्यार्थ्याला हवे असते ते कोणीतरी त्याचे काम वाचून लिहिलेले चार ओळींचे उत्तर: हे पाऊल बरोबर पडले, येथे चुकलात, आता हे करून पाहा. असे उत्तर लिहिण्यास शिक्षकाला वेळ लागतो, आणि शेकडो विद्यार्थ्यांच्या वर्गात तो वेळ आणावयाचा कोठून, हा खर्चाचा प्रश्न आहे. बिल्ला स्वस्त असतो, म्हणूनच संस्थांना त्याचा मोह पडतो. एखाद्या संस्थेने आपल्या अभ्यासक्रमात बिल्ले आहेत असे अभिमानाने सांगितले, तर पालकांनी आणि विद्यार्थ्यांनी एवढेच विचारावे, की सातव्या आठवड्यात माझे लिहिलेले कोण वाचणार आहे?